संस्थेकडे प्रलंबित

शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठी शिकवते. निपाणीजवळच्या आमच्या कॉलेजात मराठी घेणारी मुलं दरवर्षी कमी होत गेली आणि एका वर्षी माझे तास इतके घटले की प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, तुम्हाला वेळ असतो. स्कॉलरशिपचं बघता का?" विचारणं नुसतं म्हणायला. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाचं पत्र निघालं. केंद्राच्या पोर्टलवर कॉलेजची नोडल अधिकारी म्हणून माझी नोंद झाली, माझा अंगठा मशीनवर घेतला गेला आणि मुलांचे अर्ज तपासून पुढे पाठवायचं लॉगिन माझ्या हातात आलं. त्याचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर येणार होता. म्हणजे मी उघडल्याशिवाय ते कुणालाच उघडता येणार नव्हतं.

सुरुवातीला मला बरंच वाटलं. आमच्याकडची बरीच मुलं विडी कामगारांच्या घरातली. त्यांच्यासाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. आईचं किंवा वडिलांचं विडी कामगाराचं ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षीचं मार्क्स कार्ड आणि बँकेचं पासबुक जोडून पोर्टलवर अर्ज भरायचा. तो आधी कॉलेजकडे येतो. आम्ही कागद पाहून तो मान्य करायचा, मग तो कामगार कल्याणच्या कार्यालयाकडे जातो आणि तिथून मंजूर झाला की पैसे थेट मुलाच्या खात्यात. कॉलेजने मान्य केला नाही तर पुढच्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही.

ती मुलगी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. भाषेच्या पेपरला मराठी घेतलेली, म्हणून माझ्या वर्गात यायची. हायवेपासून आत असलेल्या एका खेड्यातून येई. वर्गात फारशी बोलायची नाही, पण निबंध लिहायला दिला की पुरवणी मागायची. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं पिवळसर असायची. सकाळी कॉलेजला येण्याआधी दोन तास आईबरोबर बसून विड्या वळून यायची, हे मला नंतर कळलं.

अर्ज भरायचे दिवस सुरू झाले तेव्हा ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझा फॉर्म भरून झालाय. तुमच्याकडं आलाय का बघता?"

मी लॉगिन उघडलं. अर्ज आला होता. कागद सगळे होते, स्कॅनही स्वच्छ होतं. पण नाव जुळत नव्हतं. दहावीच्या मार्क्स कार्डावर तिचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, असं तिन्ही होतं. आधार कार्डावर वडिलांचं नाव नव्हतंच आणि तिच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. आमच्या भागात हे घरोघरी आहे. मराठी नाव कानडी शाळेच्या रजिस्टरात एका तऱ्हेने जातं, तिथून इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने येतं, आणि आधारच्या कॅम्पात जो पोरगा टाइप करायला बसलेला असतो तो त्याला ऐकू येईल तसं लिहितो. पोर्टल आधारवरचं नाव उचलतं. मला मात्र ते मार्क्स कार्डाशी ताडून बघायचं होतं.

दुसरं कुणी असतं तर एक हमीपत्र घेऊन अर्ज पुढे सोडला असता. काही कॉलेजांत सोडतही होते. पण त्याच सुमारास कुठल्याशा जिल्ह्यात बोगस अर्ज सापडल्याची चर्चा होती आणि आम्हा नोडल लोकांच्या मीटिंगमध्ये आम्हाला दम भरला होता, की सही तुमची आहे, जबाबदारी तुमची आहे. मी घाबरले होते. मी तो अर्ज 'सदोष' म्हणून परत पाठवला आणि शेऱ्यात लिहिलं, 'नावात तफावत.'

"आधार दुरुस्त करून घे," मी तिला म्हणाले. "मग परत सबमिट कर. अजून वेळ आहे."

"किती दिस लागतील, मॅडम?"

"आठ-दहा दिवस."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. नंतर कळलं की घरात तिचा वडिलांशी करार झालेला होता. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला. बारावीनंतर पोरीला घरी बसवायची, असं त्यांचं ठरलं होतं. हिने त्यांना सांगितलं होतं, "आप्पा, सरकार पैसे देतंय. तुम्हाला एक रुपाया घालाय लागणार न्हाय." त्यांनी एक वर्ष बघू म्हटलं होतं. शिष्यवृत्तीची रक्कम तशी मोठी नव्हती. पण त्या घरात वडिलांपुढे बोलायला तिला तिचाच आधार होता.

आधार दुरुस्तीला ती निपाणीच्या केंद्रावर गेली. पहिल्या दिवशी टोकन मिळालं नाही. दुसऱ्या वेळी नंबर लागला तर बोटाचे ठसे मशीन घेईना. विड्या वळून वळून बोटांच्या रेषा गुळगुळीत झालेल्या. कात्रीने पान कापायचं, चिमटीत धरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं, हे लहानपणापासून करणाऱ्या बायकांची बोटं मशीनला ओळखता येत नाहीत. ऑपरेटरने पाच-सहा वेळा हात पुसायला लावला, शेवटी डोळ्यांवरून घेतलं. हे तिने मला हसत सांगितलं होतं. "मॅडम, माझ्या बोटाला नावच न्हाय म्हणं."

दुरुस्त आधार यायला दोन आठवडे लागले. मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली, आणि ही चूक माझी होती, हे मला आज पक्कं माहीत आहे. मी म्हणाले, "आता आधी बँकेचं करून घे. खातं आधारला जोडलेलं आहे का बघ. मगच फॉर्म सबमिट कर, म्हणजे परत अडायला नको."

खरं म्हणजे अर्ज परत सबमिट करायला बँकेची वाट बघायची काही गरज नव्हती. खातं जोडलेलं लागतं ते पैसे सुटायच्या वेळी. ते काम मागाहून झालं असतं. पण मागच्या वर्षी दोन मुलांचे पैसे खातं न जोडल्यामुळे परत गेले होते, आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. मला वाटलं, मी तिला शहाणपणाचं सांगतेय.

तिने मोबाइलवर तपासलं तर तिचं आधार भलत्याच खात्याला जोडलेलं निघालं. तिला आठवेना. आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. दोन-तीन वर्षांमागे गावात पोस्टाचा कॅम्प लागला होता. पोस्टमन मशीन घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसला होता आणि सगळ्यांची खाती उघडत होता. हिचंही उघडलं होतं. त्या वेळी मशीनने तिचं बोट घेतलं कसं, देव जाणे. सरकारी पैसे ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलं तिथं जातात. तिने अर्जात दिलेलं पासबुक शाळेत असताना काढलेल्या दुसऱ्या बँकेचं. त्या बँकेत जाऊन 'दुसऱ्या बँकेतून इकडे घ्या' असा पर्याय असलेला फॉर्म भरून द्यायला हवा होता. पण बँकेत तिचं जुनं, चुकीचं नाव होतं. म्हणून आधी केवायसी नवीन, मग जोडणी. बँकेतल्या बाईने कानडीत सांगितलं, सोमवारी या. सोमवारी गेली तर म्हणाल्या, आईला घेऊन या, खातं काढताना तू वयाने अज्ञान होतीस. आई एका दिवसाचं काम बुडवून गेली. असे चार हेलपाटे झाले.

मी या सगळ्याची हकिगत तिच्याकडून कधी पायऱ्यांवर, कधी वर्ग सुटल्यावर ऐकत होते आणि म्हणत होते, "होईल होईल."

विद्यार्थ्यांची नवीन अर्जाची मुदत संपली होती. सदोष अर्ज दुरुस्त करायची आणि कॉलेजने तपासून मान्य करायची मुदत थोडी पुढची होती. ती संपायला सहा दिवस उरले असताना तिने अर्ज परत सबमिट केला. मला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, 'मॅडम फॉर्म परत सबमिट केला आहे. बँकेचं पण झालं. तुम्ही बघाल का.' मी उत्तर दिलं, 'बघते.'

त्याच दिवशी दुपारी माझ्या वडिलांना बेळगावच्या दवाखान्यात हलवलं.

माझ्या वडिलांनाही आम्ही आप्पाच म्हणायचो. ते काकतीच्या पुढे एका गावात माझ्या भावाकडे राहत. शेती केली, जोडीला बेळगावात नोकरीही केली. वर्षभर त्यांचं पोट दुखायचं आणि ते ओवा खाऊन वेळ काढायचे. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. मी कॉलेजात सुट्टीचा अर्ज टाकला आणि निपाणीहून बेळगावला गेले. उसाच्या गाड्या सुरू झालेल्या, हायवेला जागोजागी अडकायला होत होतं. बसमध्ये मला त्या मुलीची आठवणसुद्धा झाली नाही. होणारही नव्हती. मी आप्पांच्या हाताचा विचार करत होते. त्या हाताला सलाइन लावायला शीर सापडत नाही, असं भावाने फोनवर सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी मात्र आठवण झाली. आप्पा झोपले होते. बाहेर बाकड्यावर बसून मी मोबाइलवर पोर्टल उघडलं. यूजर आयडी टाकला, पासवर्ड टाकला. ती वाकडीतिकडी अक्षरं टाकायची असतात, ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ओटीपी आला. तेवढ्यात नर्सने हाक मारली, औषध आणायचं होतं. मी खाली मेडिकलमध्ये जाऊन आले तोवर सेशन संपलं होतं. परत सुरुवातीपासून करायचं. मी फोन पर्समध्ये टाकला.

मला त्या वेळी काय वाटलं, ते मला नीट आठवतं. मला वाटलं, मुदत वाढेल. आधी दोनदा वाढली होती. दरवर्षी वाढते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नोडल लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी वाढीव तारखेचं पत्रक टाकतं आणि सगळे हात जोडल्याची चित्रं पाठवतात. इतर सगळे अर्ज मी आधीच पुढे पाठवले होते. हा एकच राहिला होता. एकासाठी काय, परत गेल्यावर करू.

दवाखान्यात ते काम पाच मिनिटांचं होतं. मी त्यानंतरही तिथं दोन दिवस बाकड्यावर बसले होते. फोनवर नातेवाइकांशी बोलत होते, कणकुंबीच्या आत्याला यायला गाडी सांगत होते, एकदा तर नुसते फोटो बघत बसले होते. हे मी स्वतःला माफ करायला बसले की मला आठवतं.

मुदत वाढली नाही. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले.

दिवसकार्य उरकून मी कॉलेजला परत आले, खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा तेच उघडलं. तिचा अर्ज यादीत होता. समोर लिहिलं होतं, 'संस्थेकडे पडताळणी प्रलंबित.' एरवी तिथं मान्य करायचं बटण असतं. आता नव्हतं.

मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलाने अर्ज क्रमांक विचारला, थांबायला सांगितलं आणि म्हणाला की मुदत संपल्यावर इथून काही करता येत नाही, मंत्रालयाने परत उघडलं तरच. ईमेल केला. त्याचं आपोआप येणारं उत्तर आलं, पुढे काही नाही. मग एक दिवस रजा टाकून कामगार कल्याणच्या बेळगावच्या कार्यालयात गेले. तिथले अधिकारी वयस्कर होते, त्यांनी मला खुर्ची दिली. मी कानडीत, मधेमधे हिंदीत सगळं सांगितलं. वडील वारल्याचंही सांगितलं. त्यांनी स्वतःच्या लॉगिनमध्ये बघितलं. त्यांच्याकडे तो अर्ज नव्हताच. मी पाठवलाच नव्हता, तर दिसणार कसा?

"मुगीत्रि मेडम," ते म्हणाले. संपलं. आणि मग मला बरं वाटावं म्हणून हिंदीत म्हणाले, "अगले साल भर देना."

परत येताना मी ठरवलं होतं की तिला खरं सांगायचं. बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी तीच म्हणाली, "मॅडम, तुमचं वडील गेलं म्हणं. आईनं सांगितलंय, भेटाय येतो म्हणून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना मी म्हणाले, "तुझ्या फॉर्मचं... पोर्टल बंद झालं गं. टेक्निकल काहीतरी. मी बेळगावपर्यंत जाऊन आले."

"व्हय?" ती म्हणाली.

"हो. पुढच्या वर्षी भरू."

"असूंदे, मॅडम."

एवढंच झालं. खोटं बोलायला काहीच लागलं नाही. वर्षअखेरीच्या अहवालात प्राचार्यांना मी किती अर्ज आले, किती मान्य झाले ते लिहून दिलं आणि खाली लिहिलं, 'तांत्रिक कारणाने प्रलंबित: एक.' त्यांनी न वाचता सही केली.

तिची आई खरंच आली होती. एका रविवारी, आमच्या घरी. सडपातळ बाई, खोकत होती, दारात चपला काढताना भिंतीला हात धरून उभी राहिली. पिशवीत केळी होती. माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, बाप गेला की पोरीचं माहेर निम्मं जातंय. लई वंगाळ झालं." मग इकडचं तिकडचं बोलली. पोरीच्या फॉर्मबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं, बाईला त्यातलं फारसं कळत नसेल. जाताना मी तिला चहा घ्या म्हणाले तर म्हणाली, "दुखवट्याच्या घरातला चहा घेत न्हाय आमी. परत येतो कवातरी."

परीक्षा झाल्या. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. रसायनशास्त्रात वर्गात दुसरी. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले, आणि तिचं नाव यादीत आलं नाही. मी आठ दिवस वाट पाहिली, फोन केला, लागला नाही. मग एका शनिवारी मी तिच्या गावाला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेली पडवी. पडवीत आई आणि ती दोघी समोरासमोर बसलेल्या, मांडीवर सुपं. तेंदूच्या पानांचा ओला वास आणि तंबाखूचा उग्र वास. मी गेले तसा मलाच ठसका लागला. ती सूप खाली ठेवून उभी राहिली. आई पाणी आणायला आत गेली.

"ॲडमिशन का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"आप्पा नको म्हणत्यात."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको, मॅडम. आप्पांनी एक वरीस दिलतं. ते म्हणाले, सरकारनं पैसं दिलं का? न्हाय न्हवं? मग झालं की." ती शांतपणे बोलत होती. "त्यांचं बी चुकत न्हाय. आईला आता लई बसाय हुईत न्हाय. छातीत भरतंय."

"फी मी भरते," मी म्हणाले. "दोन्ही वर्षांची. तू फक्त ये. आणि यंदा फॉर्म मी स्वतः पुढे पाठवते, पहिल्याच दिवशी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघत म्हणाली, "तुमच्याकडनं घेतल्यालं आप्पांना कसं सांगू? सरकारचं म्हणलं हुतं मी."

मग मला राहवेना. मी म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं. पोर्टलचं काही नव्हतं. तुझा फॉर्म मी मान्य करायचा राहिला. माझ्या हातून राहिला."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कसं?"

"मॅडम, स्टेटसला दिसतंय की. माझ्या लॉगिनमधी. 'संस्थेकडे प्रलंबित' असं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बघितलं हुतं, मग संपल्यावर बी बघितलं."

"मग तू मला फोन का नाही केलास? त्या आदल्या दिवशी?"

"केलता," ती म्हणाली. "तुम्ही उचलला न्हाय. मग ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाले, मॅडमचं वडील सिरियस हाईत, बेळगावात हाईत. मग कसा करायचा परत? माझ्या फॉर्मसाठी?"

"आणि नंतर? मी टेक्निकल म्हणाले तेव्हा?"

"तवा तुमी रडत हुता."

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं, किंवा तिला आधीपासून माहीत होतं. केळी घेऊन माझ्या घरी आली तेव्हाही तिला माहीत होतं. ती माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "बाई, मनाला लावून घिऊ नगासा. तुमचा बाप मरत हुता. तुमी काय करणार?"

त्या दोघींपैकी कुणी एक जरी माझ्यावर ओरडली असती, तर मला तिथं बसता आलं असतं. मी पाणी प्याले आणि उठले. वडील वखारीतून यायची वाट बघायला हवी होती, त्यांच्याशी बोलायला हवं होतं. ती नको म्हणाली होती, हे मी कारण करून घेतलं. खरं कारण, त्यांनीही मला समजून घेतलं असतं तर, याची मला भीती वाटली.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. अहवालात चूक आहे म्हणून सांगितलं, अर्ज माझ्यामुळे राहिला असं लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "मॅडम, आता याचा उपयोग काय? त्या मुलीला मिळणार आहे का काही?"

"नाही," मी म्हणाले.

"मग राहू द्या." त्यांनी कागद फाइलला लावला की नाही, मला माहीत नाही. नोडलचं काम माझ्याकडून काढून घ्या, असंही मी म्हणाले होते. दुसरं कुणी घेणारं नव्हतं. ते अजून माझ्याकडेच आहे.

ऑगस्टमध्ये ती टीसी न्यायला आली. लग्न ठरलं होतं, गडहिंग्लजच्या बाजूला, पलीकडे महाराष्ट्रात. मुलगा दुधाच्या गाडीवर होता. मी ऑफिसात तिच्याजवळ उभी राहिले. क्लार्कने टीसी पुढे केली तेव्हा ती दोन्ही हातांनी धरून हळूहळू वाचत होती. मी विचारलं, घरी बसून पत्राद्वारे शिकता येईल, मुक्त विद्यापीठाचं आहे, सासरचे काय म्हणतात? ती म्हणाली, "बघू की, मॅडम. तिकडं गेल्यावर." वाकून पाया पडायला लागली, मी तिला मधेच धरलं. माझ्या पाया पडायचं तिला काही कारण नव्हतं.

लग्नाला मला बोलावणं होतं. मी गेले नाही. परीक्षेची ड्युटी असल्याचं सांगितलं. ते मात्र खरं होतं.

गेल्या वर्षी निपाणीच्या स्टँडवर तिची आई भेटली. कोल्हापूरच्या बसला थांबली होती, छातीचं दाखवायला निघाली होती. पुष्कळ वाळली होती, मला आधी ओळखू आली नाही. तिनेच हाक मारली. लेकीला मुलगी झाली आहे म्हणाली, सहा महिन्यांची, बाळसं चांगलं आहे. "तुमचं नाव काढतीया. मराठीच्या मॅडम लई चांगल्या हुत्या म्हणती."

मी विचारलं, "पुढे शिकते का काही?"

"कुठलं बाई. सकाळी चारला उठून धारा असत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "धाकटी दहावीला हाय आता."

मी म्हणाले, "तिला माझ्याकडे पाठवा. बारावी झाली की. अकरावीलाही असतो फॉर्म, मी भरून देते. मी सगळं बघते." मी फार भरभर बोलत होते.

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "पाठवतो," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे न बघता फलाटावर लागणाऱ्या बसकडे बघत होती. गर्दी पुढे सरकली, ती पिशवी छातीशी धरून चढली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. मी बस सुटेपर्यंत उभी राहिले. तिने एकदा हात हलवला आणि मग पदर तोंडाला लावून खोकायला लागली.